‘दहा ते सहा, घरी कोणीतरी असावे’

आमच्या सोसायटीच्या जिन्याखाली काचेचा एक फलक आहे. त्याची किल्ली गेली तीन वर्षं माझ्याकडे आहे, कारण सेक्रेटरी व्हायला दुसरं कोणी तयार होत नाही. या फलकावर पाण्याच्या टाकीच्या सफाईपासून हरवलेल्या मांजरापर्यंत सगळं लागतं. त्यात वर्षाकाठी एकदोनदा गॅस कंपनीचा कागद येतो. पाइपने गॅस येणाऱ्या कुठल्याही इमारतीत तो आला असेल. आमच्याकडे शेवटचा आला तो असा होता:

‘सर्व ग्राहकांना कळविण्यात येते की, दि. १९ रोजी सकाळी १० ते सायंकाळी ६ या वेळेत आमचे कर्मचारी मीटर रीडिंग व सुरक्षा तपासणीसाठी आपल्या इमारतीत येतील. घरी कोणीतरी उपस्थित राहावे व सहकार्य करावे. घर बंद आढळल्यास गॅसपुरवठा खंडित करण्यात येईल व होणाऱ्या परिणामांस ग्राहक जबाबदार राहील.’

खाली शिक्का आणि कोणाची तरी वाचता न येणारी सही. फोन नंबर नाही. माणसं किती येणार, कोण येणार, घरात कुठपर्यंत येणार, किती वेळ लागणार, यातलं काही नाही. मी नेहमीप्रमाणे तो चार टाचण्या लावून टांगला आणि कामाला गेलो. १९ तारखेला जे झालं त्यानंतर मात्र कागद पुन्हा काढून वाचला, आणि आपण इतकी वर्षं हे मुकाट्याने का टांगत आलो, असं वाटलं.

झालं एवढंच. आमच्या दोन विंग आहेत, प्रत्येकी सहा मजले, मजल्याला चार घरं, म्हणजे अठ्ठेचाळीस घरं. आला एकच मुलगा, तो अकराच्या सुमारास आला आणि ए विंगपासून सुरू करून संध्याकाळपर्यंत बी विंगच्या दुसऱ्या मजल्यापर्यंत पोचला. बी विंगच्या पाचव्या मजल्यावर एक निवृत्त शिक्षिका एकट्या राहतात. त्यांनी त्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ पुढे ढकलली होती, दुपारी जेवतानाही बाहेरचा दरवाजा उघडा ठेवला होता. संध्याकाळी साडेसहाला त्यांच्या मोबाइलवर संदेश आला की आमचे प्रतिनिधी आले असता आपले घर बंद आढळले.

त्या माझ्याकडे आल्या त्या रागाने कमी आणि घाबरून जास्त. ‘आता गॅस तोडतील का हो?’

मला त्या मुलाचा राग आला नाही, तेव्हाही नाही आणि आजही नाही. हिशेब करून बघा. तपासणी नीट करायची तर एका घरात दहाबारा मिनिटं लागतात, दार वाजवणं, चपला काढणं, सही घेणं धरून पंधरा. अठ्ठेचाळीस घरांची बारा तास. दहा ते सहा हे आठ तास, त्यातला अर्धा तास जेवणाचा काढला तर एका माणसाची उत्तमात उत्तम मजल तीस घरं. म्हणजे नोटीस छापली त्याच दिवशी हे ठरलेलं होतं की अठरा घरं दिवसभर उगाच बसून राहणार. ते शिक्षिकाबाईंच्या नशिबी होतं की आणखी कोणाच्या, एवढाच प्रश्न. आणि या मुलांना बहुतेक ठिकाणी कंत्राटदार नेमतो, घरामागे पैसे देतो. न झालेलं घर कागदावर दाखवायला त्याच्याकडे एकच रकाना असतो, तो म्हणजे ‘घर बंद’. ‘मी पोचलो नाही’ असा रकाना त्याच्या मोबाइलमध्ये कोणी ठेवलेलाच नाही.

माझं म्हणणं या नोटिशीबद्दल आहे. ती वाईट मराठीत लिहिलेली असते हा भाग सोडून देऊ. तिच्यात दोन वेगळी कामं एका वाक्यात बांधलेली असतात, आणि सगळा घोळ तिथून सुरू होतो.

पहिलं काम रीडिंग. स्वयंपाकघरात भिंतीवर जो राखाडी डबा असतो त्यावर आकड्यांची पट्टी असते. पहिले पाच आकडे काळे, पुढचे तीन लाल. बिलाला फक्त काळे लागतात, ते घनमीटर दाखवतात. हे वाचायला डोळे आणि अर्धं मिनिट लागतं. आज जवळपास प्रत्येक गॅस कंपनी ग्राहकाला स्वतः फोटो काढून किंवा संदेशाने आकडा पाठवू देते. विजेच्या बाबतीत तर केंद्राच्या २०२०च्या ग्राहक हक्क नियमांमध्ये हे लिहूनच ठेवलंय: लागोपाठ दोन वेळा मीटरपर्यंत पोचता आलं नाही तर ग्राहकाने मीटरचा फोटो तारखेसह पाठवावा, मग कंपनीने त्याला नोटीसही द्यायची नाही आणि अंदाजे बिलही लावायचं नाही. त्याच नियमांत असंही आहे की एका आर्थिक वर्षात दोनपेक्षा जास्त अंदाजे बिलं काढता येणार नाहीत. काढली तर खरं रीडिंग घेऊन बिल येईपर्यंत ग्राहक पैसे भरायला नकार देऊ शकतो. हे नियम विजेचे आहेत, गॅसला आपोआप लागू होत नाहीत. पण तत्त्व तेच आहे: आकड्यासाठी माणूस घरात यायलाच हवा, अशी स्थिती आता राहिलेली नाही.

दुसरं काम तपासणी. इथे मात्र माणूस आतच यायला हवा, आणि या बाबतीत मी कंपनीच्या बाजूचा आहे. फोटोने रीडिंग पाठवणारे आमच्याकडचे काही तरुण म्हणतात, ‘आता त्यांना यायची गरजच काय?’ गरज आहे, आणि ती का आहे हे नोटीस कधीच सांगत नाही, म्हणून लोक तिला सरकारी कटकट समजतात.

घरगुती मीटर बहुतेक ठिकाणी जी १.६ या मापाचा असतो. त्यातून ताशी जास्तीत जास्त अडीच घनमीटर गॅस मोजला जातो आणि कमीत कमी ०.०१६ घनमीटर, म्हणजे ताशी सोळा लिटर. त्याहून बारीक गळती असेल तर मीटर ती मोजेल याची खात्री नाही. तुम्ही रात्री सगळे बर्नर बंद करून लाल आकडे बघितले, सकाळी तेवढेच दिसले, तर मोठी गळती नाही एवढं कळलं. बारीक गळती नाही, हे कळलं नाही.

सोळा लिटर म्हणजे किती, हे मीही मनावर घेतलं नव्हतं. माझ्याच ओट्यावरच्या कपाटाचं माप घेतलं तेव्हा घेतलं. मीटर त्या कपाटात आहे, कारण नवीन स्वयंपाकघर करताना सुताराला मी म्हणालो होतो की तो डबा दिसता कामा नये. कपाट नव्वद सेंटिमीटर रुंद, साठ उंच, पस्तीस खोल, म्हणजे साधारण १८९ लिटर. पाइपचा गॅस म्हणजे मुख्यतः मिथेन. हवेत तो ५ ते १५ टक्के मिसळला की ठिणगीने पेट घेतो. १८९ लिटरचे पाच टक्के साडेनऊ लिटर. ताशी सोळा लिटरने ते भरायला पस्तीस-छत्तीस मिनिटं लागतात. हवा अजिबात खेळत नाही असं धरून केलेला हा हिशेब आहे. खऱ्या कपाटाला फटी असतात, आणि गॅसमध्ये मुद्दाम घातलेला घाण वास त्याआधी नाकात जातो. पण सर्दी झालेल्या, वय झालेल्या माणसाच्या नाकावर किती भरवसा ठेवायचा? त्या मुलाने माझ्या कपाटाचं दार उघडून शांतपणे सांगितलं, ‘काका, याला वर आणि खाली जाळी लावून घ्या.’ वरच्या बाजूला जाळी महत्त्वाची, कारण हा गॅस हवेपेक्षा हलका असतो, वर चढतो. सिलिंडरचा गॅस उलटा, जड, तो खाली जमिनीलगत साठतो. आमच्या पिढीला सिलिंडरची सवय असल्यामुळे आपण अजूनही खालची खिडकी उघडून समाधान मानतो.

मग त्याने तपासणी केली ती मी पहिल्यांदा नीट पाहिली. शेगडी बंद करून, नळी काढून, तिथे पाणी भरलेली इंग्रजी यू अक्षरासारखी काचनळी जोडली. घरातल्या गॅसचा दाब साधारण २१ मिलिबार असतो, म्हणजे त्या नळीच्या दोन बाजूंतल्या पाण्यात एकवीस-बावीस सेंटिमीटरचा फरक पडतो. एक वीत म्हणा. मग मीटरजवळचा कॉक बंद करून त्याने घड्याळ लावलं. पाणी जागचं हललं नाही तर कॉकपासून शेगडीपर्यंतच्या पाइपात गळती नाही. ते हळूहळू खाली उतरू लागलं की गॅस कुठेतरी जातोय, मग साबणाचं पाणी घेऊन सांध्या-सांध्यावर बुडबुडे शोधायचे. एवढं साधं काम आहे. फोटोने होत नाही, मीटर वाचून होत नाही, बाहेरून होत नाही.

पण यासाठी त्याला माझ्या घरात काय काय लागलं, ते बघा. मीटरचं कपाट उघडून आतले डबे बाजूला काढलेले हवेत. मीटरजवळचा कॉक आणि शेगडीजवळचा कॉक दोन्ही हाताला लागायला हवेत (माझा शेगडीजवळचा कॉक ट्रॉलीच्या मागे होता, ट्रॉली रुळावरून उचलून काढावी लागली, तीत चार किलो साखर होती). भिंतीतून बाहेर येणारा पाइप शेगडीपर्यंत दिसायला हवा. रबरी नळी पूर्ण दिसायला हवी: दीड मीटरपेक्षा लांब नाही ना, भिंतीतून किंवा तापणाऱ्या भांड्याखालून गेलेली नाही ना, तिच्यावर छापलेली तारीख उलटून गेलेली नाही ना. शेगडी थंड हवी, म्हणजे त्याआधी पंधरावीस मिनिटं स्वयंपाक थांबलेला हवा. आणि बाहेरचा उभा पाइप बाल्कनीतून जात असेल तर बाल्कनी उघडी हवी. बस. बेडरूम लागत नाही, देवघर लागत नाही, कोणाचं आधार कार्ड लागत नाही, ओटीपी लागत नाही.

ही सहा वाक्यं नोटिशीत असती तर आमच्या अठ्ठेचाळीस घरांतल्या बायकांनी आदल्या रात्री कपाटं रिकामी केली असती, वरण चढवायचं असेल तर आधी चढवलं असतं, आणि पंधरा मिनिटांची बारा झाली असती. त्याऐवजी ती ‘सहकार्य करावे’ म्हणते. सहकार्य म्हणजे नेमकं काय? तर दार उघडा आणि उभे राहा.

आता वेळेकडे येतो. दहा ते सहा ही वेळ कंपनीला फुकट पडते म्हणून ती इतकी ऐसपैस असते. त्या दिवशी आमच्या सोसायटीत किती माणसांचा दिवस गेला हे मी दारोदार विचारलं. कोणी अर्धी रजा टाकली होती. एका घरात दोघंही नोकरीला, त्यांनी शेजारणीकडे किल्ली दिली होती, म्हणजे ती शेजारीण दोन घरांची पहारेकरीण झाली. एकीने कामाच्या बाईंना दिवसभर थांबायला सांगितलं, त्या बाईंची बाकीची दोन घरं बुडाली, आणि त्यांचे पैसे कोणी द्यायचे हा वाद अजून मिटलेला नाही. ‘घरी कोणीतरी असावे’ या वाक्यातला ‘कोणीतरी’ कोण, याचा विचार हे लिहिणाऱ्याने केलेला नसतो. त्याच्या डोळ्यांसमोर दुपारी घरी असणारी, पदर खोचून दार उघडणारी एक गृहिणी आहे. तशी घरं आमच्याकडे अठ्ठेचाळिसात अकरा निघाली.

‘मग काय प्रत्येकाला मुहूर्त काढून द्यायचा का?’ कंपनीच्या पर्यवेक्षकाने मला फोनवर विचारलं. माणूस वाईट नव्हता, वैतागलेला होता. मुहूर्त नको, मजला द्या. दोन माणसं पाठवली तर प्रत्येकाच्या वाट्याला एक विंग, चोवीस घरं, सहा तास. एका मजल्याला एक तास. दहा ते एक पहिले तीन मजले, दोन ते पाच वरचे तीन. गडबड होणार हे धरून प्रत्येक मजल्याला दोन तासांची वेळ सांगा: तिसऱ्या मजल्याने बारा ते दोन घरी राहावं. एवढ्याने आठ तासांचं बसणं दोन तासांवर येतं आणि कंपनीचा एक पैसाही वाढत नाही, कारण एकूण मनुष्यतास तेवढेच, बारा. एका माणसाचे बारा तास एका दिवसात बसत नाहीत हे मान्य करायचं, एवढाच त्रास.

माझी भाची इंग्लंडमध्ये लेस्टरला राहते, तिला हे सांगितलं तर ती हसली. तिकडे पुरवठादाराने वेळ दिली की ती चार तासांपेक्षा रुंद असता कामा नये असा नियम आहे आणि ठरलेली वेळ चुकवली तर ग्राहकाच्या खात्यात भरपाई जमा करावी लागते. ती आधी तीस पौंड होती, २०२५पासून चाळीस झाली. मला त्या पौंडांचं कौतुक नाही, इथे तसा दंड लावला तर तो कंत्राटदार त्या मुलाच्याच पगारातून कापेल, याची मला जवळजवळ खात्री आहे. मला पटली ती त्यामागची समजूत: थांबण्याला किंमत आहे आणि ती थांबायला लावणाऱ्याने मोजायची. कंपनीच्या वहीत ग्राहकाचा वेळ हा रकानाच नसेल तर नोटीस नेहमी दहा ते सहाच निघणार.

नोटिशीचं शेवटचं वाक्य धमकीचं असतं, आणि तिथे कायद्याची जी समज दिसते ती तपासून घेण्यासारखी आहे. गॅसची जोडणी घेताना आपण सही केलेल्या अर्जात तपासणीला येऊ देण्याची अट असते, ती मी नाकारत नाही. पण प्रवेशाचा हक्क कसा लिहावा याचा चांगला नमुना विजेच्या कायद्यात आहे. २००३च्या विद्युत कायद्याचं १६३वं कलम कंपनीच्या माणसाला मीटर वाचायला, तपासायला घरात यायचा अधिकार देतं, पण दोन शब्द घालून: वाजवी वेळी, आणि राहणाऱ्याला आपला हेतू सांगून. पुढे म्हणतं, ग्राहकाने येऊ द्यायला नकार दिला किंवा वाजवी सोय करून दिली नाही, तर त्याला लेखी नोटीस द्या, ती दिल्यावर चोवीस तास जाऊ द्या, मग पुरवठा तोडा. आणि तोही नकार चालू असेल तेवढाच काळ, त्यापुढे नाही.

या कलमात पायऱ्या आहेत. आधी सांगणं, मग येणं, मग नकार, मग लेखी ताकीद, मग चोवीस तास, मग तोडणं. आमच्या फलकावरची नोटीस पहिल्या पायरीवर उभी राहून शेवटच्या पायरीची भाषा बोलते. आणि ‘घर बंद’ला ‘नकार’ समजते. शिक्षिकाबाईंचं घर उघडं होतं. पण समजा बंद असतं, समजा त्या खरंच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेल्या असत्या, तर तो नकार झाला का? कोणी म्हणेल, वारंवार घर बंद ठेवणारेही असतात, त्यांच्यासाठी धाक हवा. हवा, तो तिसऱ्या खेपेला हवा. आमच्याकडे दोन घरं वर्षानुवर्षं बंद आहेत, मालक परदेशात, गॅस चालू. त्या घरांचा पुरवठा बाहेरच्या कॉकला बंद करून सील लावा म्हणून मीच कंपनीला दोनदा लिहिलं. ते झालेलं नाही, पण धमकी अठ्ठेचाळीस घरांना सारखीच वाटली गेली.

(त्याच कायद्याच्या १३५व्या कलमात चोरीच्या तपासासाठी सूर्यास्तानंतर राहत्या घरात शिरायचं तर घरातला प्रौढ पुरुष हजर हवा, अशी अट आहे. एकट्या राहणाऱ्या बाईसाठी हिचा अर्थ काय, हे मला वकिलालाही विचारून नीट कळलेलं नाही. पण निदान तिथे लिहिणाऱ्याने दारामागे कोण असेल याचा विचार तरी केला होता.)

राहिला ओळखीचा प्रश्न, जो मला सगळ्यांत जास्त छळतो. ‘आमचे कर्मचारी’ म्हणजे कोण? निळा शर्ट आणि गळ्यात लॅमिनेट केलेलं कार्ड कोणालाही शंभर रुपयांत मिळतं. तपासणीच्या नावाखाली घरात शिरून नळ्या, लायटर, ‘गॅस वाचवणाऱ्या’ जाळ्या विकणारे आमच्याकडेही येऊन गेलेत. २०२२मध्ये ‘आज रात्री साडेनऊला तुमची वीज तोडली जाईल, या अधिकाऱ्याला फोन करा’ असे खोटे संदेश देशभर फिरले आणि लोकांची खाती रिकामी झाली. ते संदेश इतके चालले, कारण ते खऱ्या नोटिशीसारखेच दिसत होते: धमकी आधी, तपशील नाही, घाई. ज्या कंपन्या वर्षानुवर्षं अशाच भाषेत लिहीत आल्या, त्यांनी लोकांना अशा भाषेला घाबरायची सवय लावून ठेवली होती. फसवणाऱ्याला फक्त नंबर बदलावा लागला.

आणि ओळख पटवण्याचं ओझं आपल्याकडे उलट्या बाजूला आहे. सिलिंडर घरी येतो तेव्हा मोबाइलवर आलेला कोड आपण त्या माणसाला सांगतो, म्हणजे सिलिंडर योग्य घरी पोचला हे कंपनीला कळतं. घरात शिरणाऱ्याने मात्र आपल्याला काही सांगायचं नसतं. भाचीकडे वृद्ध किंवा एकट्या ग्राहकाला पुरवठादाराकडे एक परवलीचा शब्द नोंदवून ठेवता येतो, दारावर आलेल्या माणसाने तो आधी म्हणायचा, मगच दार उघडायचं. आपल्याकडे हे करायला नवीन काही लागत नाही. आदल्या दिवशी ग्राहकाच्या मोबाइलवर चार आकडे पाठवा, तेच कर्मचाऱ्याच्या यादीत त्या घरासमोर छापा, आणि दाराबाहेर उभं राहून ते त्याने सांगायचे. ग्राहकाने काहीही सांगायचं नाही. तोवर निदान नोटिशीत येणाऱ्यांची नावं, कंत्राटदाराचं नाव आणि ‘खात्रीसाठी तुमच्या बिलावर छापलेल्या नंबरवर फोन करा’ एवढं हवं. नोटिशीवर नंबर देऊन उपयोग नाही, खोट्या नोटिशीवर खोटा नंबर असतोच.

त्या पर्यवेक्षकाशी माझे तीन फोन झाले. तिसऱ्या फोनला तो म्हणाला, तुम्हीच लिहून पाठवा कशी हवी ते. मी लिहिली. तारीख. दोन कर्मचारी, त्यांची नावं, कंत्राटदार. मजल्याप्रमाणे दोन-दोन तासांची वेळ. रीडिंग फोटोने पाठवा, त्यासाठी घरी थांबायची गरज नाही. तपासणीसाठी मात्र कोणीतरी प्रौढ माणूस हवा, बारा-पंधरा मिनिटं लागतील. आधी कपाट रिकामं करा, ट्रॉली सैल करून ठेवा, शेगडी थंड ठेवा. फक्त स्वयंपाकघर आणि बाल्कनी बघितली जाईल. तपासणी मोफत आहे, कोणालाही पैसे देऊ नका, ओटीपी सांगू नका. जमत नसेल तर पुढच्या पंधरवड्यातले हे दोन शनिवार आहेत. आणि शेवटी एक ओळ: ‘दिलेल्या वेळेत कर्मचारी न आल्यास पुढची वेळ रहिवासी ठरवतील.’

चार दिवसांनी त्यांच्या शिक्क्यासह कागद परत आला. सगळं होतं, अगदी ट्रॉलीसकट. शेवटची ओळ तेवढी नव्हती. मी तो फलकावर लावला आणि काच बंद करायच्या आधी ती ओळ पेनाने खाली लिहिली.